उठावाची अक्षरं आणि ब्रेल: वाचनालयाच्या सहा पाट्या पुन्हा करायच्यात, मापं सांगा

तापीकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय दिवाळीनंतर नव्या इमारतीत गेलं. सहा दारं आहेत: बालविभाग, संदर्भ विभाग, वाचनकक्ष, पुस्तक देवघेव, कार्यालय आणि स्वच्छतागृह. एका देणगीदाराने अट घातली होती की पाट्या अंध वाचकांनाही वाचता आल्या पाहिजेत. आम्ही शहरातल्या एका दुकानातून करून घेतल्या. चकचकीत स्टीलचा पत्रा, त्यावर सोनेरी उठावदार अक्षरं, खाली ब्रेल. दिसायला एकदम झकास. सगळ्यांनी फोटो काढले.

उद्घाटनाला आमचे जुने सभासद अण्णा आले होते. रेल्वेतून निवृत्त, काचबिंदूने गेल्या आठ वर्षांत नजर गेली. त्यांना मी हौसेने पाटीजवळ नेलं, हात लावून दिला. त्यांनी डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं, परत फिरवलं आणि म्हणाले, "नक्षी चांगली आहे रे." त्यांना ती दाराची पट्टी वाटली.

मग कॉलेजात शिकणारा एक मुलगा आला, जन्मापासून दिसत नाही, बहिणीबरोबर होता. त्याने खालचं ब्रेल शोधलं. दोन मिनिटं एकेक ठिपका चाचपत बसला आणि मला विचारलं, "काका, बालिवभाग म्हणजे काय?"

तेव्हापासून झोप नाही. पाट्या काढायच्या ठरल्यात. तर जाणकारांनी सांगा, अक्षराची उंची किती ठेवायची, रंग कुठले घ्यायचे आणि पृष्ठभाग कसा हवा. बजेट फार नाही.

अमळनेरकर

सोपं आहे. उंची ०.८ मिमी. मी एका सरकारी इमारतीच्या कामात वाचलं होतं, पक्कं आठवतंय. आणि ब्रेल जरा मोठं करून घ्या म्हणजे नीट हाताला लागेल, लहान ठिपके म्हाताऱ्या माणसांना कळत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सगळी मापं मिलिमीटरमध्ये दिलेली आहेत, तो काढून दुकानदारापुढे ठेवा.

केळीबाग

भाऊ, ही उठावाची अक्षरं घराच्या नावाच्या पाटीला चालतात का? आम्ही बंगल्याला 'मातोश्री' लावायचं म्हणतोय. फुटाला काय दर पडतो?

तापीकाठ

@केळीबाग, दर मला नाही सांगता येणार. मी दिला तो पाण्यात गेला.

@अमळनेरकर, ०.८ मिमीचं अक्षर? मुंगीएवढं होईल की ते.

साईनवाला_धुळे

पंधरा वर्षं हेच काम करतोय म्हणून लिहितो. आधी एक घोळ सोडवू. आपल्याकडे 'उंची' हा एकच शब्द तीन गोष्टींना वापरतात आणि दुकानदार-गिऱ्हाईक दोघंही वेगवेगळं समजतात. एक, अक्षर वरून खाली किती मोठं. दोन, अक्षर पाटीतून किती वर आलंय. तीन, पाटी जमिनीपासून किती वर लावली. मी दुसऱ्याला 'उठाव' म्हणतो आणि ऑर्डर घेताना तिन्ही वेगळे लिहून घेतो.

अमळनेरकर भाऊंचं ०.८ मिमी बरोबर आहे, पण तो उठाव आहे, आणि तोही कमीत कमी. अमेरिकेच्या दिव्यांगांसाठीच्या एडीए नियमात, २०१० च्या आवृत्तीत, हाच आकडा आहे. मी १ मिमी देतो. उठाव याहून वाढवून काही मिळत नाही, कारण बोट अक्षराची कड ओळखतं, जाडी मोजत बसत नाही. तुमच्या स्टीलच्या पाटीवर किती उठाव आहे ते बघा. माझा अंदाज ३ ते ५ मिमी असेल. शोभेच्या अक्षरांना तेवढा ठेवतात. मग अक्षरांमधल्या फटी खोल खाचा होतात, बोट त्यात अडखळतं आणि अण्णांना नक्षी वाटते.

आता अक्षराचा आकार. त्याच नियमात हाताने वाचायचं अक्षर कमीत कमी १६ आणि जास्तीत जास्त ५१ मिमी आहे. वरची मर्यादा का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. डोळा अख्खं अक्षर एका नजरेत घेतो, बोट तसं घेत नाही, ते रेघेवरून चालत जातं. अक्षर तळहाताएवढं केलं तर शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते.

पण हे माप इंग्रजी कॅपिटल अक्षराचं आहे. आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार. म्हणून मी शिरोरेघेपासून पायापर्यंतचं अंग मोजतो, मात्रा धरत नाही, आणि ते २५ मिमी ठेवतो. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या अनुभवाचा आहे.

अमळनेरकर

बरं, उठाव म्हणू. माझा मुद्दा उलटा नव्हता ना.

सहाठिपके

मी जन्मापासून अंध आहे, बँकेत नोकरी करतो, भुसावळला राहतो. हे सगळं स्क्रीन रीडरवर ऐकून लिहितोय.

पहिली गोष्ट, ब्रेल मोठं करू नका. कृपा करून करू नका. ब्रेलचं एक घर बोटाच्या टोकाखाली एकदम मावतं म्हणून ते वाचता येतं. आपण ठिपके मोजत नाही, सहा ठिपक्यांचा आकार एका स्पर्शात कळतो. म्हाताऱ्या माणसाला मोठं लागेल असं डोळस माणसाला वाटतं, कारण तो स्वतःच्या चष्म्यावरून विचार करतो. घरातले शेजारचे दोन ठिपके साधारण अडीच मिलिमीटरवर असतात. तापीकाठ, तुमच्या पाटीवर ते किती अंतरावर आहेत ते पट्टीने मोजा. तो मुलगा दोन मिनिटं चाचपत होता यावरूनच मला शंका येतेय.

दुसरी गोष्ट. मला उठावाची देवनागरी अक्षरं वाचता येत नाहीत. क कसा दिसतो मला माहीत नाही, कधी शिकलोच नाही. माझ्यासारख्याला खालची ब्रेलची ओळ हवी. वरची अक्षरं अण्णांसाठी, ज्यांनी आयुष्यभर मराठी वाचलं आणि नजर नंतर गेली. त्यांना या वयात ब्रेल कुणी शिकवणार नाही. आणि ज्यांना थोडं अंधूक दिसतं त्यांना रंग हवा. एका पाटीवर तीन वेगळी माणसं वाचणार आहेत, हे डोक्यात ठेवून बनवा.

तापीकाठ

मोजलं. शेजारच्या दोन ठिपक्यांत ८ मिलिमीटर! उठावही मोजला, अक्षरं ४ मिमी वर आलीत. साईनवाला भाऊ, अंदाज बरोबर निघाला.

साईनवाला_धुळे

मग काय झालं असेल ते सांगतो, कारण नवीन असताना मीही तेच केलंय. 'बालविभाग' ब्रेलमध्ये आठ घरं: ब, आ, ल, व, इ, भ, आ, ग. एका घरापासून पुढच्या घरापर्यंत ६ मिमीच्या थोडं वर. म्हणजे अख्खी ओळ पावणेपाच सेंटिमीटर. वरची ओळ पंधरा सेंटिमीटरच्या थोडी वर असेल. डिझायनरला खालची ओळ इवलीशी दिसते, तो ती माऊसने ओढून वरच्या ओळीएवढी करतो. सव्वातीन पट झालं की अडीचचे साधारण आठ होतात. तुमचा हिशोब बसतो.

ब्रेलची ओळ लहानच दिसली पाहिजे. डिझाईनमध्ये ती सगळ्यात शेवटी, खऱ्या मापात ठेवायची आणि कुलूप लावायचं. मी प्रूफ पाठवताना पाटीचा फोटो पाठवत नाही, एकास एक मापात कागदावर छापून देतो. मोबाईलवर झूम करून पाहिलं की सगळंच बरोबर वाटतं.

माहेर_शिरपूर

मला त्या 'बालिवभाग'चं कारण कळलं नाही. घरं तर बरोबर दिसतायत.

सहाठिपके

ताई, मी सांगतो. ब्रेलमध्ये वेलांटी अक्षराच्या डोक्यावर किंवा आधी येत नाही. उच्चाराच्या क्रमाने येते, आधी व, मग इ. छापील मराठीत पहिली वेलांटी व च्या आधी काढतात. डीटीपीच्या दुकानांत अजून जुने फॉन्ट वापरतात, युनिकोड नसलेले. त्यांत वेलांटीची कळ आधी दाबायची आणि व नंतर. तोच मजकूर जसाच्या तसा ब्रेलमध्ये बदलला की क्रम होतो ब, आ, ल, इ, व, भ, आ, ग. मग मी वाचणार 'बालिवभाग'. 'संदर्भ विभाग'ची पाटी तर बघाच. जुन्या फॉन्टमध्ये रफार भ च्या नंतर टाइप होतो. ब्रेलमध्ये द नंतर पाय मोडल्याचा एक ठिपका, मग र, मग भ असा क्रम हवा.

यावर उपाय सोपा आहे. मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप करून द्या, आणि छापण्याआधी ब्रेल येणाऱ्या माणसाकडून बोटाने तपासून घ्या. डोळ्याने ठिपके जुळवून तपासू नका.

साईनवाला_धुळे

आणि आरशातलं ब्रेल नको. माझी लाज सांगतो. एका शाळेतल्या सरांनी मला ब्रेल टोचायच्या पाटी-सळईने कागदावर शब्द टोचून दिला होता. टोचताना उजवीकडून डावीकडे टोचतात, कागद उलटला की ठिपके वर येतात. मी टोचलेल्या बाजूचा फोटो काढला आणि त्यावरून फाईल केली. बारा पाट्या उलट्या झाल्या. पैसे माझेच गेले.

अहिरानी_बोल

भाऊ, तुम्हनं सगळं खरं शे. पण एक सांगा, इतका खटाटोप करण्यापेक्षा दारावर माणूस बसवा ना. अण्णांना 'या' म्हणायला माणूस लागतोच.

तापीकाठ

माणूस आहे. शिपाईदादा आहेत. पण स्वच्छतागृहाचं दार कुठलं हे प्रत्येक वेळी दुसऱ्याला विचारावं लागतं, हे अण्णांनीच मला सांगितलं.

आता रंगाचं आणि चकाकीचं बोला.

माहेर_शिरपूर

यावर मी बोलणार. आईला मधुमेहामुळे डोळ्यांचा त्रास आहे, अंधूक दिसतं. दर महिन्याला तपासणीला नेते. तिथल्या पाट्या स्टीलच्या, आरशासारख्या. आई पाटीजवळ जाते आणि म्हणते, "अगं, यात तर माझंच तोंड दिसतंय." मागे खिडकी असेल तर अक्षरं पार धुऊन जातात. नवीन इमारत म्हणून हौसेने लावलेल्या, पण तिला जुन्या पत्र्याच्या निळ्या-पांढऱ्या पाट्या लांबूनही वाचता यायच्या. त्यामुळे चकचकीत नकोच, एवढं मला अनुभवाने कळलंय. बाकी शास्त्र माहीत नाही.

अमळनेरकर

काळ्यावर लाल ठेवा. लाल रंग सगळ्यांना उठून दिसतो, धोक्याच्या पाट्या म्हणूनच लाल असतात.

साईनवाला_धुळे

लाल चांगल्या नजरेला उठून दिसतो, काळ्यावर मात्र तो बुडतो. अंधूक दिसणाऱ्याला रंग कुठला यापेक्षा उजेडाचा फरक किती हे महत्त्वाचं. गडद लाल आणि काळा दोन्ही थोडाच उजेड परत फेकतात.

जुन्या अमेरिकन मार्गदर्शनात एक हिशोब होता, मला तो अजून उपयोगी पडतो. फिकट रंग किती टक्के उजेड परावर्तित करतो त्यातून गडद रंगाचे टक्के वजा करायचे आणि फिकट रंगाच्या टक्क्यांनी भागायचं. सत्तर टक्के किंवा वर आलं की ठीक. समजा पांढरट पाटी ८० टक्के आणि गडद निळं अक्षर १०. ऐंशीतून दहा गेले सत्तर, भागिले ऐंशी, साडेसत्त्याऐंशी टक्के. उत्तम. तेच अक्षर मध्यम राखाडी, समजा ४० टक्के परावर्तनाचं घेतलं तर पन्नास टक्के. नापास. रंगाच्या शेडकार्डावर कधी कधी हा परावर्तनाचा आकडा छापलेला असतो, तो विचारून घ्या.

आकडा नसेल तर मोबाईलने पाटीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. अक्षर आणि पाटी जवळजवळ एकाच राखाडीत गेली तर रंग बदला. अंदाजच आहे हा, पण लाल-काळ्याचा भ्रम एका फोटोत जातो. तुमच्या सोनेरी अक्षरांचाही काढा. सोनेरी आणि स्टील दोन्ही चमकतात, त्यामुळे उभं राहायची जागा बदलली की कधी अक्षर उजळ, कधी पाटी.

फिनिशला त्या मार्गदर्शनात मॅट किंवा अंड्याच्या टरफलासारखी अगदी मंद चमक चालते असं म्हटलंय. दुकानात मोजायचं यंत्र नसतं. मी खोलीत ट्यूब लावून पाटी हातात तिरकी धरतो. ट्यूबची रेघ स्पष्ट दिसली तर नापास, नुसता उजेडाचा पांढरा धुरकट पट्टा दिसला तर पास. वरून ग्लॉस लॅमिनेशन किंवा लॅकरचे जाड हात मात्र नको. चमक तर येतेच, शिवाय ब्रेलच्या ठिपक्यांभोवती लॅकर साचून ठिपके बसके होतात. ठिपक्याचा उठाव ०.६ ते ०.९ मिमी असतो, त्यात दोन हात लॅकर म्हणजे बराच भाग गेला. आणि ठिपका वरून गोल हवा. सपाट टोकाचा ठिपका बोटाला बोचतो.

सहाठिपके

बोचतो हे अगदी खरं. एका लिफ्टमध्ये खिळ्याच्या डोक्यासारखे ठिपके होते, ओळ वाचून झाल्यावर बोट झोंबत होतं.

तापीकाठ

मग आता डोळ्याला ठळक अक्षर हवं आणि बोटालाही, तर अक्षर जाडजूड करू का?

साईनवाला_धुळे

नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. डोळ्याला जे ठसठशीत, ते बोटाला गोळा. हाताने वाचायच्या अक्षराची रेघ बारीक हवी. इंग्रजीत अक्षराच्या उंचीच्या पंधरा टक्क्यांहून जाड नको. २५ मिमी अक्षराला पावणेचार मिमी झाले, मी तीन ठेवतो. शेजारच्या दोन अक्षरांत कमीत कमी ३.२ मिमी मोकळी जागा. जाड ठळक फॉन्टमध्ये भ ची गाठ भरून जाते, बोटाला तिथे नुसतं टेंगूळ लागतं.

म्हणून मी दोन्ही एकाच अक्षराकडून करून घेत नाही. पाटीचे दोन भाग करतो. वर मोठं, जाड, सपाट छापलेलं 'बालविभाग', ६०-७० मिमी, गडद निळ्यावर पांढरं. हे लांबून आणि अंधूक नजरेने वाचायला. खाली तेच नाव उठावात, २५ मिमी, बारीक रेघेचं, आणि त्याखाली ब्रेल. एडीएमध्येही अशी सोय आहे. डोळ्याचं अक्षर वेगळं दिलं तर हाताचं १३ मिमीपर्यंत लहान चालतं, पण ते इंग्रजीचं, देवनागरीत मी तेवढं खाली जात नाही.

ब्रेल उठावाच्या अक्षरापासून कमीत कमी साडेनऊ मिमी लांब हवं. आपल्याकडे हे अंतर उकाराच्या खालच्या टोकापासून मोजा. 'पुस्तक देवघेव' मध्ये पु चा उकार खाली लोंबतो आणि नेमका ब्रेलच्या पहिल्या घरावर येतो.

सहाठिपके

शिरोरेघेचं काय करता? माझ्या काकूंना नंतर अंधत्व आलं. त्या म्हणतात की बोट शिरोरेघेवर आगगाडीसारखं सरळ निघून जातं, खाली कुठलं अक्षर लटकलंय ते कळतच नाही. दोन अक्षरांत फट नाही, त्यामुळे एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते लागत नाही.

साईनवाला_धुळे

मी शिरोरेघ दोन अक्षरांच्या मध्ये साडेतीन-चार मिमी तोडतो. प्रत्येक अक्षराला आपली स्वतःची तोकडी रेघ. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण हाताला बरं पडतं.

नवापूरवाली

म्हणजे गुजराती! आमच्या नवापूरला स्टेशनचा अर्धा भाग गुजरातमध्ये आणि अर्धा महाराष्ट्रात, शिरोरेघ तोडलेली पाटी लावली तर कुठल्या बाजूची ते सांगता यायचं नाही 😄

गंमत सोडा, मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना भ आणि म, ध आणि घ यांतला फरक आम्ही शिरोरेघेवरूनच शिकवतो. भ आणि ध ची रेघ डावीकडे तुटलेली, म आणि घ ची पूर्ण. तुम्ही सगळ्याच रेघा तोडल्या तर 'विभाग'चा भ आणि म कसा ओळखायचा? 'देवघेव'चा घ आणि ध?

साईनवाला_धुळे

बाई, बरोबर पकडलंत. अक्षराच्या आतली रेघ मी तशीच ठेवतो, फक्त दोन अक्षरांमधली तोडतो. पण बोटाला ही तुटकी आतली की बाहेरची हे कळायला अवघड जातं, ते मान्य. माझ्याकडे याला पक्कं उत्तर नाही.

अमळनेरकर

कायद्यात काय आहे ते बघा की. कायदा असताना अनुभव कशाला?

सहाठिपके

दादा, २०१६ च्या कायद्यात मिलिमीटर नाहीत, सुगम्यतेचं कर्तव्य आहे. मापांसाठी केंद्राची २०२१ ची सुसंगत मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की त्या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम १५ मधल्या तरतुदी शिफारशीसारख्या आहेत, कायद्याला जे बंधनकारक हवं ते त्यातून साधत नाही. केंद्राला बंधनकारक नियम वेगळे काढायला सांगितलं. काम देताना २०२१ ची प्रत दुकानदाराला जरूर द्या. पण आपल्या लिपीच्या शिरोरेघेचा निकाल अण्णांच्या बोटानेच लागणार.

तापीकाठ

मग मी तेच करतो. नमुना करून बघतो. कशात करू?

साईनवाला_धुळे

लेसरवाल्याकडून १ मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये 'बालविभाग' दोनदा कापून घ्या, एकदा शिरोरेघ तोडून, एकदा अख्खी. कडा लेसरने धारदार येतात, बारीक वॉटर पेपरने हलक्या हाताने मारा. ३ मिमीच्या तुकड्यावर चिकटवा. खऱ्या पाटीला डबल टेप नको, उन्हाळ्यात ढिली पडते आणि पोरं नखाने अक्षरं उचलतात. अ‍ॅक्रिलिकला अ‍ॅक्रिलिक क्लोरोफॉर्मनेच जोडा, पण थेंब बाहेर आला तर पृष्ठभाग चमकतो, सांभाळून.

ब्रेलला सगळ्यात टिकाऊ म्हणजे भोक पाडून त्यात दीड मिमीचा गोल मणी दाबून बसवणं. भोक सैल पाडलं तर मणी निघतो. पाटी हातात आली की प्रत्येक ठिपका नखाने उचलून बघा, एखादा हलला तर तिथेच परत द्या. एक ठिपका गेला तर अक्षर बदलतं.

सहाठिपके

उदाहरण देतो. व म्हणजे १-२-३-६. त्यातला ६ पडला तर उरतो १-२-३, म्हणजे ल. बालविभागचा 'बाललिभाग'.

तापीकाठ

चार दिवसांनी परत आलो. नमुना घेऊन अण्णांच्या घरी गेलो, काकूंनी कळण्याची भाकरी खाऊ घातली. अण्णांना न सांगता एकेक तुकडा दिला.

तोडलेल्या शिरोरेघेचा: पहिल्या वेळी त्यांनी "बाल...वि..." एवढं वाचलं आणि मग म्हणाले "माग?" दुसऱ्या वेळी भ ची गाठ सापडली, "विभाग" म्हणाले. अख्ख्या शिरोरेघेचा: बराच वेळ लागला, ब आणि ल मध्ये फट शोधत राहिले, पण भ मात्र पहिल्याच वेळी बरोबर ओळखला. आता काय समजायचं?

२५ मिमी त्यांना पुरेसं वाटलं. ३५ मिमीचाही एक तुकडा केला होता, तो त्यांनी "फिरावं लागतं" म्हणून बाजूला ठेवला.

कॉलेजातल्या मुलाला ब्रेलचा नमुना दिला. त्याने एका दमात वाचलं आणि म्हणाला, "हे असलं असेल तर मला पाटी सापडेल का?" मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, दाराच्या कुठल्या बाजूला असेल हे माहीत नसेल तर मी अख्खी भिंत चाचपणार का.

साईनवाला_धुळे

ते राहिलंच. दारावर लावू नका, दार उघडं असेल तर पाटी भिंतीकडे जाते, आणि कुणी आतून उघडलं तर वाचणाऱ्याच्या कपाळावर आदळतं. दाराच्या कडीच्या बाजूला भिंतीवर लावा, सहाही ठिकाणी तशीच. उंची, म्हणजे तिसरी उंची, उठावाच्या सगळ्यात खालच्या ओळीचा पाया जमिनीपासून १२२ सेंटिमीटरच्या वर आणि सगळ्यात वरच्या ओळीचा पाया १५२.५ च्या खाली. आत्ता कुठे आहे?

तापीकाठ

चौकटीच्या वर. सहा फुटांवर. फोटोत छान येतं म्हणून 😔 आणि कडीच्या बाजूला बालविभागाच्या दाराशी पाण्याचा माठ ठेवलाय.

माहेर_शिरपूर

माठ हलवा आधी, पाटी नंतर.

केळीबाग

मग स्टीलच्या जुन्या पाट्या विकणार का? मातोश्रीला...

अहिरानी_बोल

ओसरीत उघड्यावर लावणार असाल तर स्टील नको भाऊ. मे महिन्यात आपल्याकडे ४५ पार जातं. पश्चिमेच्या भिंतीवरच्या पत्र्याला दुपारी चारला हात लावून बघा, भाजतो. वाचायचं कसं?

साईनवाला_धुळे

बरोबर. बाहेरची पाटी असेल तर सावलीत घ्या, किंवा फिकट रंगाची प्लास्टिकची पाटी आणि गडद अक्षर, म्हणजे कमी तापते. छापलेला भाग उन्हाने उडतो, तो दोन-तीन वर्षांनी बघत राहावा लागेल.

तापीकाठ

सगळ्या आत, ओसरीत फक्त 'पुस्तक देवघेव' आहे, त्याला छत आहे. ठरलं ते असं: दोन भागांची पाटी, वर निळ्यावर पांढरं छापील, खाली २५ मिमी उठाव १ मिमी, मॅट, ब्रेल मण्यांचं. शिरोरेघ तोडायची की नाही ते अजून ठरलं नाही. नवापूरच्या बाईंचं डोक्यात बसलंय. उद्या अण्णांना तिसरा नमुना देणार: फक्त भ च्या डाव्या बाजूची फट इतरांपेक्षा दुप्पट ठेवून बघतो. संदर्भ विभागातही तोच भ आहे, आणि देवघेवच्या घ चं काय होतं तेही त्यातच कळेल.

नवापूरवाली

घ ला 'ध' म्हणतात का ते नक्की कळवा. मी वर्गात सांगणार आहे.